चार लाख हाताशी आहेत, मुदत घटवू की हप्ता?

प्रश्न : अंबडला कंपनीत आहे. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटच्या कर्जाचे २५ लाख बाकी आहेत, १५ वर्षं राहिलीत. दर बदलता, सध्या साडेआठ टक्के. वडिलोपार्जित जागेच्या हिश्श्याचे चार लाख आलेत, ते कर्जात भरणार. बँक विचारते, मुदत कमी करू की हप्ता? ऑफिसात सगळे म्हणतात, डोळे झाकून मुदत कमी कर. बरोबर आहे का?

डोळे उघडे ठेवूनच बघू. १५ वर्षांसाठी २५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी तुमचा हप्ता साधारण २४,६१९ रुपये बसतो. आहे तसंच चालू ठेवलं, तर इथून पुढे एकूण १९ लाख ३१ हजार रुपये व्याज जाईल.

चार लाख भरले की मुद्दल २१ लाखांवर येतं. आता हप्ता २४,६१९ च ठेवला, तर कर्ज १८० ऐवजी १३२ हप्त्यांत संपतं, आणि त्यातला शेवटचा हप्ताही छोटा असतो. म्हणजे चार वर्षं वाचतात. व्याज जातं ११ लाख ३३ हजार, म्हणजे बचत जवळपास आठ लाखांची. उलट मुदत १५ वर्षंच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो २०,६८० च्या आसपास येतो. व्याज जातं १६ लाख २२ हजार आणि बचत दिसते फक्त तीन लाख नऊ हजार. तुमच्या ऑफिसातले लोक हेच दोन आकडे समोर ठेवतात, आणि आठ लाख विरुद्ध तीन लाख म्हटल्यावर प्रश्नच मिटतो.

पण हा जवळजवळ पाच लाखांचा फरक आला कुठून? तुम्ही भरलेले चार लाख दोन्हीकडे तेच आहेत, व्याजदरही तोच आहे. पुढच्या महिन्याचं व्याज बघा. २५ लाखांवर ते १७,७०८ रुपये होतं. २१ लाखांवर १४,८७५ रुपये होईल. मुदत कमी करा नाहीतर हप्ता, हा आकडा दोन्हीकडे १४,८७५ च आहे. बँक शिल्लक मुद्दलावर व्याज लावते. फॉर्मवर तुम्ही कुठल्या चौकोनात खूण केली, याच्याशी त्या व्याजाला देणंघेणं नाही.

फरक पडतो तो उरलेल्या पैशात. २४,६१९ चा हप्ता कायम ठेवलात, तर १४,८७५ व्याजात गेल्यावर ९,७४४ रुपये मुद्दलातून कमी होतात. हप्ता २०,६८० केलात, तर मुद्दलातून फक्त ५,८०५ जातात. मधले ३,९३९ रुपये तुमच्या खिशात राहिले. मुदत कमी करणारा माणूस चार लाखांवर थांबत नाही. त्याशिवाय दर महिन्याला हे ३,९३९ रुपये तो कर्जात घालत राहतो, सलग अकरा वर्षं. जास्तीची बचत त्या पैशांची आहे. फुकटात काही मिळत नाही.

म्हणजेच हप्ता कमी करून घेऊनसुद्धा तुम्ही ते ३,९३९ दर महिन्याला स्वतःहून कर्जात टाकलेत, तर कर्ज त्याच १३२ व्या महिन्यात संपेल आणि व्याजही तेवढंच जाईल. काही बँका छोट्या रकमेचा अंशतः भरणा घेत नाहीत, किमान रक्कम ठरवून देतात. मग वर्षाचे ४७ हजार साठवून एकदम भरा. कर्ज एखाद-दुसरा महिना लांबेल, इतकंच.

आता निवड तुमच्या घराकडे बघून करायची. तुमची नोकरी कायम असेल, २४,६१९ चा हप्ता आज जड जात नसेल, आणि हातात मोकळे राहिलेले चार हजार महिनाअखेरीला शिल्लक राहत नाहीत हे तुम्हाला स्वतःबद्दल माहीत असेल, तर मुदत कमी करा. ती सक्तीची बचत आहे आणि बहुतेकांना सक्तीच मानवते. पण कंपनीत कंत्राटी पद्धतीवर असाल, घरी एकच कमावता असेल किंवा दोन वर्षांत मुलांच्या कॉलेजची फी उभी राहणार असेल, तर हप्ता कमी करून घ्या आणि जमेल तेव्हा जादा भरा. चांगल्या वर्षात कर्ज तितक्याच वेगाने उतरेल आणि वाईट वर्षात बँकेला द्यायचे असतील फक्त २०,६८०. एकदा मुदत कमी केली की काम गेल्यावर बँकेकडे जाऊन ‘आता पुन्हा वाढवून द्या’ म्हणणं सोपं नसतं. ती मागणी बँक कर्जाच्या पुनर्रचनेच्या नजरेने बघू शकते.

हे सगळं चालतं ते एकाच कारणाने : बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी भरण्याचा आकार नसतो. आकार असता तर दर वर्षी थोडं थोडं भरणं महागात गेलं असतं. त्या आकाराचं पुढे एका वाचकाने विचारलंच आहे.

आणि चारच्या चार लाख कर्जात घालू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला ठेवा. कर्जात भरलेले पैसे साध्या घरकर्जातून परत काढता येत नाहीत.

प्रश्न : आमची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला फ्लॅट घेतलाय, कर्ज माझ्या नावावर. पैसा मार्च-एप्रिलला एकदम येतो, मग वर्षभर नाही. मुदत कमी केली तर कर्ज लवकर सुटेल, पण एखादं वर्ष गारपिटीत गेलं तर?

वरच्या उत्तरातली दुसरी वाट तुमच्यासाठीच आहे. हप्ता बागेच्या वाईट वर्षालाही झेपेल इतका खाली आणून ठेवा, आणि चांगल्या वर्षी माल गेल्यावर एकरकमी भरा. प्रत्येक वेळी भरताना अर्जावर ‘हप्ता कमी करावा’ असंच लिहा, म्हणजे दर वर्षी हप्ता आणखी उतरत जाईल.

फक्त भरण्याची घाई एप्रिलमध्ये करू नका. व्यापाऱ्याचे सगळे पैसे खात्यावर येऊ द्या. चेक पुढच्या तारखेचा असेल तर तो वटू द्या. मग खरड छाटणीचा आणि त्यापुढे ऑक्टोबर छाटणीचा खर्च, औषधं, मजुरी हे सगळं वेगळं काढा. हे पैसे घरकर्जात गेले आणि सप्टेंबरला बागेसाठी उसनवारी करावी लागली, तर साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडून त्याहून महाग कर्ज अंगावर घेतल्यासारखं होईल.

पीककर्ज असेल तर त्याचा नंबर पहिला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्क्यांची जादा व्याज सवलत मिळते आणि ते चार टक्क्यांना पडतं. नियत तारीख चुकली की ही सवलत जाते. स्वस्त कर्ज थकवून महाग कर्ज फेडणं हा इथे फायद्याचा सौदा नाही, कारण थकलं की स्वस्त कर्ज स्वस्त राहत नाही आणि पुढच्या हंगामाचं नूतनीकरणही अडतं.

तुमच्या बँकेत घरकर्जाचा ओव्हरड्राफ्टसारखा प्रकार आहे का, तेही विचारा. त्यात जादा भरलेली रक्कम व्याज वाचवते आणि गरज पडली तर परत काढताही येते. दर साध्या घरकर्जापेक्षा थोडा जास्त असतो. नोकरदाराला मी तो सहसा सुचवत नाही. वर्षातून एकदा मोठी रक्कम येऊन हळूहळू खर्च होणाऱ्या बागायतदाराला मात्र तो जमू शकतो.

प्रश्न : कर्जाची शेवटची तीनच वर्षं राहिलीत. मित्र म्हणतो, व्याज सगळं सुरुवातीलाच घेऊन झालंय, आता भरून काही उपयोग नाही.

मित्राचं चुकतंय. बँक व्याज आधी घेऊन ठेवत नाही. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून व्याज जास्त दिसतं, एवढंच. आज भरलेला एक लाख आजपासून साडेआठ टक्क्यांनीच व्याज वाचवणार, पहिल्या वर्षी वाचवलं असतं त्याच दराने. आता वर्षं कमी उरलीत, त्यामुळे रुपयांतली बचत लहान दिसते.

तुलना करायची तर त्या पैशाचं दुसरीकडे काय होईल याच्याशी करा. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीवर तीस टक्क्यांच्या करगटातल्या माणसाच्या हाती, उपकर धरून, साडेचार टक्क्यांच्या आसपास उरतं. कर्ज साडेआठने चालू आहे. ठेव पडून असेल तर भरणंच बरं. जुन्या करपद्धतीत राहून घरकर्जाच्या व्याजाची वजावट घेत असाल तर अंतर थोडं कमी होतं, पण तीन वर्षं उरलेल्या कर्जात व्याजच कमी असतं. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घरासाठी ही वजावट नाही.

प्रश्न : नाशिकरोडला प्रेसमध्ये आहे, निवृत्तीला बरोबर आठ वर्षं. कर्ज घेताना निवृत्तीआधीच संपणार होतं. आता ॲपवर १३८ हप्ते दाखवतंय! बाकी १४ लाख, हप्ता १५,९३०, दर साडेआठ. तीन लाख भरले तर आठ वर्षांत संपेल का?

संपेल, जेमतेम. मुद्दल ११ लाखांवर आलं आणि हप्ता १५,९३० च राहिला, तर ९६ वा हप्ता शेवटचा असेल आणि तोही अगदी छोटा. घरी संगणक असेल तर एक्सेलमध्ये हे टाकून बघा :

```
=NPER(8.5%/12,-15930,1100000)
```

उत्तर ९५.१५ येतं. यातला दर, हप्ता आणि मुद्दल बदलून कुणालाही आपला हिशोब करता येईल. हप्त्याच्या आधीचं वजाचं चिन्ह विसरू नका.

तुमच्या बाबतीत पर्याय ‘मुदत कमी’ हाच आहे, कारण तुम्हाला आठ वर्षांनंतर हप्ता नकोय. अर्जावर मात्र नुसतं ‘मुदत कमी करावी’ असं न लिहिता ‘हप्ता १५,९३० कायम ठेवून मुदत ९६ महिन्यांपर्यंत आणावी’ असं आकड्यासकट लिहा.

हप्ते वाढले कसे, तेही समजून घ्या, नाहीतर पुन्हा वाढतील. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तुमच्या बँकेने तेव्हा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली असणार. बहुतेकांनी तेच केलं आणि कर्जदारांच्या लक्षातही आलं नाही, कारण खात्यातून दर महिन्याला कापली जाणारी रक्कम तीच होती. या तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं हे निवडता आलं पाहिजे, आणि कर्जाच्या काळात केव्हाही अंशतः किंवा पूर्ण भरण्याची मुभाही असली पाहिजे. दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं विवरणही द्यायला सांगितलं. ते ईमेलवर येतं आणि न उघडता राहतं. उघडा.

२०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला. तो तुमच्या दरात उतरलाय का, हे तीन लाख भरण्याआधी तपासा. कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर ते अजून एमसीएलआरवर किंवा त्याहूनही जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या जुन्या दरांवर असू शकतं, आणि आज नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा कमी दर मिळत असेल. थोडं शुल्क घेऊन बँक रेपोशी जोडलेल्या दरावर आणून देते. अर्धा टक्का जरी कमी झाला तरी १४ लाखांवर पहिल्या वर्षी सात हजारांच्या आसपास व्याज वाचतं. हे काम आधी उरका, मग भरा.

शिवाय थोडी फट ठेवा. दर पुन्हा वाढले तर ९६ चे १०० व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या वेतनवाढीनंतर हप्ता हजारभराने वाढवून घेतलात तर ती काळजी मिटते.

प्रश्न : पंचवटीत हार्डवेअरचं दुकान आहे. २०२३ ला दुकान तारण ठेवून एका फायनान्स कंपनीकडून धंद्यासाठी ४० लाख घेतले, दर बदलता, सध्या साडेअकरा. सहा लाख भरायला गेलो तर चार टक्के आकार अधिक जीएसटी मागतात. घराचं कर्ज फेडताना तर कुणी एक रुपया घेतला नव्हता. हे बेकायदा आहे ना?

दुर्दैवाने बहुधा नाही. घरकर्जावर आकार लागला नाही याचं कारण ते बदलत्या दराचं होतं आणि एका व्यक्तीने घरासाठी घेतलेलं होतं. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना बदलत्या दराच्या घरकर्जावर असा आकार घ्यायला मनाई केली, मे २०१४ मध्ये ती व्यक्तींच्या सगळ्या बदलत्या दराच्या मुदत कर्जांना लागू केली. फायनान्स कंपन्यांच्या बाबतीत ऑगस्ट २०१९ मध्ये खुलासा आला की ही मनाई धंद्याव्यतिरिक्त इतर कारणांसाठी घेतलेल्या कर्जाला आहे. तुमचं कर्ज धंद्यासाठी घेतलेलं आहे, तिथेच ते निसटतं.

जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नवे निर्देश काढले, आणि त्यात व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची धंद्याची कर्जंही आली. व्यापारी बँका आणि सगळ्यात मोठ्या वर्गातल्या फायनान्स कंपन्यांना बदलत्या दराच्या अशा कर्जांवर आता आकार घेता येत नाही. मधल्या वर्गातल्या फायनान्स कंपन्या, स्मॉल फायनान्स बँका, जिल्हा सहकारी बँका यांना ५० लाखांपर्यंतच्या मंजुरीवर घेता येत नाही. पैसे कुठून आणलेत हे विचारायचं नाही आणि ‘पहिली दोन वर्षं भरता येणार नाही’ अशी अटही घालायची नाही. पण हे सगळं १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहे. तुमचं २०२३ चं आहे.

म्हणून कागद काढा. मंजुरीपत्र आणि करारनामा, त्यातही मागे जोडलेलं शुल्काचं परिशिष्ट. त्यात तीन गोष्टी बघा. अंशतः भरण्याचा आकार लिहिलेला आहे का, की फक्त पूर्ण कर्ज बंद करण्याचा लिहिलाय? अनेकदा चार टक्के हे पूर्ण बंद करण्यासाठी असतात आणि काउंटरवरचा मुलगा तेच अंशतः भरण्यालाही लावतो. दुसरं, वर्षाला ठरावीक टक्के रक्कम आकाराविना भरता येईल असं कलम आहे का? मुदत कर्जांत ते बऱ्याचदा असतं. असेल तर सहा लाख एकदम न भरता दोन वर्षांत विभागून भरा. वर्ष मंजुरीच्या तारखेपासून मोजतात की १ एप्रिलपासून, तेही तिथेच लिहिलेलं असतं. तिसरं, कर्जदार म्हणून तुमचं नाव आहे की दुकानाच्या फर्मचं? कर्ज व्यक्तीला दिलंय की संस्थेला, हे त्यावरून ठरतं.

कागदात आकार कुठेच नसेल, तर तो देऊ नका. लेखी विचारा, कुठल्या कलमाखाली मागता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून नव्या किरकोळ आणि एमएसएमई कर्जांना मुख्य मुद्द्यांचं पत्रक द्यावं लागतं, आणि त्यात न दाखवलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर घेता येत नाही. तुमच्या कर्जाला ते पत्रक नसेल, पण करारात नसलेला आकार मागण्याला आधार नसतोच.

आणि समजा आकार लागतोच आहे, तरी लगेच माघार घेऊ नका. सहा लाखांवर चार टक्के म्हणजे २४ हजार, वर १८ टक्के जीएसटी ४,३२० धरून २८,३२०. साडेअकरा टक्क्यांनी सहा लाखांचं महिन्याचं व्याज ५,७५०. म्हणजे पाच महिन्यांत आकार वसूल झाला, त्यापुढची बचत तुमची. कर्ज अजून बरीच वर्षं चालणार असेल तर आकार देऊनही भरणं परवडतं. सहा-आठ महिन्यांत संपणार असेल किंवा त्या आधीच तुम्ही ते दुसऱ्या बँकेत नेणार असाल, तर नाही.

हाच प्रश्न दोन वाचकांनी पतसंस्थेबद्दल विचारलाय. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, ती सहकार खात्याकडे असते. त्यामुळे वरचे निर्देश तिथे दाखवून उपयोग नाही. तिथे संस्थेचे पोटनियम आणि कर्जरोखा काय म्हणतो, ते बघायचं.

ज्यांचं घरकर्ज पहिली काही वर्षं स्थिर आणि नंतर बदलत्या दराचं आहे, त्यांनी भरण्याची तारीख जपून ठरवावी. १ जानेवारी २०२६ नंतर मंजूर झालेल्या अशा कर्जात, भरता त्या दिवशी कर्ज बदलत्या दरावर असेल तर आकार नाही, स्थिर दरावर असेल तर लागू शकतो. स्थिर काळ संपायला दोनच महिने उरले असतील तर थांबा.

प्रश्न : गंगापूर रोडच्या शाखेत १२ तारखेला दोन लाख भरले. माझा हप्ता ५ तारखेचा, बाकी १८ लाख होती. पुढच्या महिन्यात हप्ताही तोच कापला, मुदतही तेवढीच दाखवतेय. पैसे गेले कुठे?

बहुधा कर्जखात्यातच आहेत, पण मुद्दलात गेलेले नाहीत. असं बऱ्याच जणांचं होतं. काउंटरवर पैसे नुसते कर्जखात्यात भरले आणि सोबत अर्ज दिला नाही, तर ते ‘आगाऊ हप्ते’ किंवा ‘जादा जमा’ म्हणून पडून राहू शकतात. काही संस्थांत तर पुढचे काही हप्ते त्यातूनच वळते होतात आणि माणूस खूश होतो की दोन महिने हप्ताच कापला नाही.

खात्याच्या उताऱ्यावर व्याजाची ओळ बघा, तीच खरं सांगते. १८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १२,७५० होतं. १६ लाखांवर ते ११,३३३ व्हायला हवं. पहिल्या महिन्यात रोजच्या शिल्लकेवर व्याज लावणारी बँक असेल तर ५ ते १२ तारखेपर्यंतचं व्याज १८ लाखांवर आणि त्यापुढचं १६ लाखांवर लागेल, म्हणजे घट थोडी कमी दिसेल. व्याज महिन्याच्या शिल्लकेवर लावत असतील, तर फरक त्यापुढच्या महिन्यात दिसेल. पण पूर्ण एक महिना उलटल्यावरही व्याज १,४०० रुपयांच्या आसपास उतरलेलं नसेल, तर दोन लाख मुद्दलात गेलेले नाहीत.

व्याज उतरलंय पण हप्ता आणि मुदत जुनीच दिसतेय, असंही असू शकतं. मग पैसे बरोबर जागी आहेत, फक्त परतफेडीचं वेळापत्रक नव्याने केलेलं नाही. हे तितकं गंभीर नाही, पण करून घ्या.

दोन्हींसाठी एक अर्ज पुरतो. त्यात कर्जखाते क्रमांक, भरल्याची तारीख आणि रक्कम, पावतीचा किंवा यूटीआर क्रमांक लिहा. खाली असं लिहा : ‘सदर रक्कम भरल्याच्या तारखेपासून मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी आणि परतफेडीचं सुधारित वेळापत्रक द्यावं.’ तुम्हाला हप्ता कमी हवा असेल तर तसं लिहा. ‘भरल्याच्या तारखेपासून’ हे शब्द राहू देऊ नका. नाहीतर अर्ज दिल्याच्या दिवसापासून जमा धरतात आणि मधल्या दिवसांचं दोन लाखांवरचं व्याज, दिवसाला ४६-४७ रुपये, तुमच्याकडून जातं. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या.

वेळापत्रक हातात आलं की पहिल्या ओळीतलं मुद्दल, दर, हप्ता आणि शेवटच्या हप्त्याचा महिना, एवढे चार आकडे तपासा. एखादं ‘इतर शुल्क’ कापलेलं असेल तर तेही याच उताऱ्यावर सापडतं. घरकर्ज बदलत्या दराचं असेल तर तो आकार परत मागा.

शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल, तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते. दोन्हीकडे शिक्क्याची प्रत आणि व्याजाची ओळ दाखवणारा दोन महिन्यांचा उतारा जोडा.